फीडबॅक कोम्ब फिल्टर आणि साधा रिव्हर्ब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फीडबॅक कोम्ब फिल्टर नेमकं काय करतो?

आत आलेला आवाज तो पुढे जाऊ देतो आणि ठरावीक वेळापूर्वी स्वतःच बाहेर सोडलेला आवाज थोडा कमी करून त्यात मिसळतो. सूत्र एका ओळीचं आहे:

```
y[n] = x[n] + g·y[n−M]
```

M म्हणजे किती सँपल मागे जायचं, आणि g म्हणजे प्रत्येक फेरीला आवाजाचा किती भाग शिल्लक ठेवायचा. एक टिचकी आत सोडली की लगेच एक टिचकी बाहेर पडते, M सँपलनंतर g इतकी, त्यानंतर g², मग g³. प्रतिध्वनींची ही रांग पुढे पुढे लहान होत जाते.

नावाचं कारण वारंवारतेच्या आलेखात दिसतं. तिथे सारख्या अंतरावर शिखरं उभी राहतात आणि ती फणीच्या दात्यांसारखी दिसतात. खाली त्या शिखरांना मी दातेच म्हणेन.

फीडफॉरवर्ड कोम्बही असतो ना? मग फरक काय?

फीडफॉरवर्डमध्ये आत आलेल्याच आवाजाची जुनी प्रत मिसळतात: y[n] = x[n] + g·x[n−M]. प्रतिध्वनी एकच मिळतो आणि विषय संपतो. त्याच्या आलेखात खोल खड्डे असतात, कारण z-पातळीवरच्या एकक वर्तुळाच्या जवळपास त्याचे झीरो, म्हणजे जिथे फिल्टरचं उत्तर शून्य होतं असे बिंदू, बसलेले असतात. टेबलाजवळ माईक ठेवून बोललं की आवाज पोकळ येतो, तो याच प्रकारामुळे: थेट आलेला आवाज आणि टेबलावरून परतलेला आवाज एकमेकांत मिसळतात. रिव्हर्बसाठी आवाज फिरत राहायला हवा, म्हणून पुढे फक्त फीडबॅकबद्दलच लिहिलं आहे.

पोल वर्तुळावर सारख्या अंतरावरच का बसतात?

ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे z च्या भाषेत आउटपुट भागिले इनपुट, H(z) = 1/(1 − g·z^−M) असं आहे. खालचा भाग शून्य होतो तेव्हा पोल मिळतो, म्हणजे z^M = g. आता g धन असेल, तर M वेळा स्वतःशी गुणल्यावर g देणारी संख्या शोधायची आहे. तिची लांबी g^(1/M) असणार हे उघड आहे. तिचा कोन M पट केल्यावर पूर्ण फेऱ्याच झाल्या पाहिजेत, म्हणून कोन 360°/M च्या पटीतच असू शकतो. असे M कोन सापडतात आणि सगळ्यांची लांबी एकच. म्हणून एका वर्तुळावर, सारख्या अंतरावर M पोल.

लहान उदाहरण घेऊ. M = 8, g = 0.5. त्रिज्या 0.5^(1/8), म्हणजे सुमारे 0.917. पोल 0°, 45°, 90° असे आठ. सँपल रेट 8,000 असेल तर 45° म्हणजे 1,000 हर्ट्‌झ, त्यामुळे दाते 0, 1,000, 2,000, 3,000 आणि 4,000 हर्ट्‌झवर येतात. उरलेले तीन पोल ऋण वारंवारतेचे, आरशातल्या जोडीदारांसारखे.

पोल म्हणजे सूर आणि प्रतिध्वनी म्हणजे टिचकी. एकाच फिल्टरमध्ये दोन्ही कसे?

मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रत्येक पोल एक विरत जाणारा सूर देतो. आंशिक अपूर्णांक करून पाहिलं तर या फिल्टरचे M तुकडे पडतात आणि प्रत्येकाचा वाटा बरोबर 1/M निघतो. कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. वरच्या उदाहरणात टिचकी आत गेली की आठही पोल एकाच क्षणी, एकाच फेजमध्ये सुरू होतात. पहिल्या क्षणी सगळे एका दिशेला असल्याने बेरीज 1 येते. पुढच्या सँपलला प्रत्येक जण आपापल्या वेगाने फिरलेला असतो, आठ बाण वर्तुळावर सारखे पसरलेले असतात आणि बेरीज शून्य होते. दुसऱ्या, तिसऱ्या, अगदी सातव्या सँपललाही ते एकमेकांना पूर्ण खोडतात. आठव्या सँपलला प्रत्येकाच्या पूर्ण फेऱ्या झालेल्या असतात, सगळे पुन्हा एका दिशेला येतात आणि बेरीज होते 0.917⁸, म्हणजे 0.5. हाच पहिला प्रतिध्वनी.

म्हणजे प्रतिध्वनींमधली शांतता ही आठ सुरांनी एकमेकांना खोडल्यामुळे झालेली असते. पोल सारख्या अंतरावर नसते तर ही खोडाखोड जुळलीच नसती. आणि g म्हणजे पोलच्या त्रिज्येचा M वा घात, हे समीकरण पुढे रिव्हर्ब बांधताना फार कामाला येतं.

मग कानाला प्रतिध्वनी ऐकू येणार की सूर?

ते डिलेवर अवलंबून आहे. सीमारेषा धारदार नाही, आवाज कसला आहे त्यावरही ती सरकते. ढोबळमानाने, टाळीसारख्या आवाजात सुमारे 50 मिलिसेकंदांच्या वर वेगवेगळे ठोके ऐकू येतात. त्याखाली ठोके एकमेकांत मिसळतात आणि खरखरीत, धातूच्या नळीत बोलल्यासारखा रंग चढतो. आणखी खाली गेलं की स्पष्ट सूर लागतो. सँपल रेट 44,100 असताना M = 441 ठेवला तर दर 10 मिलिसेकंदांनी पुनरावृत्ती होते आणि 100 हर्ट्‌झचा सूर ऐकू येतो. केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेली तार छेडण्याची पद्धत याच रचनेवर उभी आहे: लहान डिले, फीडबॅकच्या वाटेत सरासरी काढणारा साधा फिल्टर, आणि सुरुवातीला बफरमध्ये भरलेला गोंगाट.

खऱ्या ध्वनिमुद्रणावर याचा परिणाम किती होतो?

आकडे घालून बघू. सँपल रेट 44,100, M = 1764 म्हणजे नेमके 40 मिलिसेकंद, g = 0.7. दाते दर 25 हर्ट्‌झला येतात. दात्यावर आवाज 1/(1 − 0.7), म्हणजे 3.33 पट किंवा सुमारे 10.5 डेसिबलने वाढतो. दोन दात्यांच्या मध्ये तो 1/1.7, म्हणजे सुमारे 4.6 डेसिबलने घटतो. शिखर आणि दरी यांत 15 डेसिबलचा फरक.

आता काळी एकच्या पट्टीत लावलेला तानपुरा यातून काढू. षड्ज 138.6 हर्ट्‌झ. 125 आणि 150 या दोन दात्यांच्या जवळजवळ मधोमध तो पडतो, त्यामुळे मूळ सूर साडेचार डेसिबलने दबतो. त्याचा दुसरा स्वरांश 277.2 हर्ट्‌झवर, म्हणजे 275 च्या दात्याला लागून आहे, तो सुमारे 5 डेसिबलने वर येतो. दोघांमधला तोल जवळपास 10 डेसिबलने बदलला. तानपुऱ्याची सगळी गंमतच स्वरांशांच्या तोलात असते आणि एकटा कोम्ब तो तोल मोडून टाकतो. पट्टी अर्ध्या स्वराने बदलली की वेगळेच स्वरांश दात्यावर येतात, म्हणून एका गायकाला चांगलं वाटणारं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही.

बोलण्यावर किंवा तबल्यावर हे इतकं जाणवत नाही, कारण तिथे ऊर्जा फार वेळ एका वारंवारतेवर टिकत नाही. दाता भरायला वेळ लागतो. वरच्या उदाहरणात दात्याची रुंदी सुमारे 2.8 हर्ट्‌झ आहे. इतका अरुंद दाता पूर्ण उंचीवर यायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक काळ तोच सूर लागून राहावा लागतो.

पोलची त्रिज्या 0.9998 आली. फिल्टर अस्थिर होण्याच्या काठावर आहे का?

नाही. M = 1764 आणि g = 0.7 असेल तर त्रिज्या 0.7^(1/1764), म्हणजे 0.9998 येणारच. पोल एकक वर्तुळाला चिकटलेला दिसतो खरा, पण ती त्रिज्या एका सँपलमागची घट सांगते. 1764 सँपलची पूर्ण फेरी झाल्यावर उरतं ते 0.7, आणि ते 1 पासून चांगलंच दूर आहे. स्थैर्यासाठी g चं मूल्य −1 आणि 1 यांच्या आत असणं पुरेसं आहे. कागदावर पोल काढून घाबरण्याऐवजी g पाहावा.

g ऋण ठेवला तर?

पोलचं सगळं वर्तुळ अर्ध्या घराने फिरतं. M = 8 च्या उदाहरणात पोल 22.5°, 67.5° असे येतात आणि दाते 500, 1,500, 2,500, 3,500 हर्ट्‌झवर. शून्य वारंवारतेवरचा पोल नाहीसा होतो. लहान डिलेमध्ये सूर एक सप्तक खाली उतरल्यासारखा वाटतो आणि त्यात फक्त विषम स्वरांश राहतात. प्रतिध्वनी मात्र त्याच वेळांना येतात, फक्त एक सुलटा आणि एक उलटा.

कोड किती मोठा असतो?

```python
def comb(x, M, g):
    buf = [0.0] * M
    i, y = 0, []
    for s in x:
        v = s + g * buf[i]
        buf[i] = v
        i = (i + 1) % M
        y.append(v)
    return y
```

M पोलचा फिल्टर आणि दर सँपलला एकच गुणाकार. buf[i] मध्ये बरोबर M सँपलपूर्वीचा आउटपुट असतो, कारण बफर गोल फिरून त्या जागी M पावलांनीच परत येतो. नेहमीची चूक म्हणजे buf[i] मध्ये v ऐवजी s लिहिणं. तसं केलं की फीडबॅक तुटतो आणि नकळत फीडफॉरवर्ड कोम्ब तयार होतो. टिचकी आत सोडून पाहा: दोनच ठोके दिसले तर चूक तिथेच आहे.

रिव्हर्बचा कालावधी हवा तेवढा कसा ठेवायचा?

रिव्हर्बचा कालावधी, T60, म्हणजे आवाज 60 डेसिबलने, म्हणजे हजाराव्या भागावर यायला लागणारा वेळ. डिले τ सेकंदांचा असेल तर

```
g = 10^(−3·τ / T60)
```

वरच्या उदाहरणात τ = 0.04 आणि g = 0.7, म्हणून T60 सुमारे 0.77 सेकंद निघतो. बैठकीच्या खोलीपेक्षा थोडा जास्त, सभागृहापेक्षा कमी.

एकच कोम्ब पुरत नाही. मग किती घ्यायचे?

मॅनफ्रेड श्रोडर यांनी बेल लॅब्समध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जी रचना मांडली ती अजूनही शिकायला सगळ्यात चांगली आहे, असं माझं मत आहे: चार कोम्ब समांतर, त्यांची बेरीज, आणि पुढे दोन ऑलपास, म्हणजे सगळ्या वारंवारता सारख्याच उंचीने जाऊ देणारे फिल्टर, एकामागोमाग. कोम्बचे डिले साधारण 30 ते 45 मिलिसेकंदांच्या पट्ट्यात ठेवतात.

मी 44,100 ला 1307, 1637, 1811 आणि 1931 सँपल घेतो. चारही मूळ संख्या आहेत. मिलिसेकंदांत हे 29.6, 37.1, 41.1 आणि 43.8 होतात. T60 = 1.5 सेकंद हवा असेल तर वरच्या सूत्राने चार g निघतात: 0.872, 0.843, 0.828 आणि 0.817.

चारही कोम्बना एकच g का देत नाहीत? तेवढ्याशा फरकाने काय होतं?

बरंच काही होतं. नवशिक्या रिव्हर्बमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच आहे.

चौघांनाही 0.84 दिला असं समजू. 1307 च्या कोम्बचा T60 होतो 1.17 सेकंद आणि 1931 च्या कोम्बचा 1.73 सेकंद. छोटा कोम्ब लवकर फेऱ्या मारतो, म्हणून लवकर दमतो. सुरुवातीला चारही मिळून घनदाट आवाज देतात, पण शेपटीत एक एक गळत जातो आणि शेवटी फक्त सगळ्यात लांब कोम्ब उरतो. त्याचे दाते 22.8 हर्ट्‌झच्या सारख्या अंतरावर आहेत आणि ते झाकायला दुसरं कुणी नाही. रिव्हर्ब सुरुवातीला ठीक वाटतो आणि विरताना फडफडतो, पत्र्यासारखा वाजतो. तक्रार बहुतेक वेळा “शेपटी धातूसारखी येते” अशी असते आणि कारण इथे सापडतं.

आता प्रत्येकाला त्याचा g दिला तर काय होतं ते पोलच्या भाषेत बघा. त्रिज्या g^(1/M) आणि g = 10^(−3τ/T60). τ म्हणजे M भागिले सँपल रेट fs. M दोन्हीकडून कटतो आणि उरते फक्त

```
r = 10^(−3 / (T60 · fs))
```

यात डिले कुठेच नाही! चारही कोम्बचे मिळून 6,686 पोल एकाच वर्तुळावर येतात, इथे त्रिज्या 0.9998956. सगळे सूर एकाच वेगाने विरतात, त्यामुळे सुरुवातीचा रंग आणि शेवटचा रंग सारखा राहतो. कोन मात्र प्रत्येक कोम्बचे वेगळे असल्याने एकाच्या दरीत दुसऱ्याचा दाता पडतो. त्रिज्या सर्वांची एक आणि कोन सर्वांचे वेगळे, एवढं सांभाळलं की अर्धं काम झालं.

मूळ संख्यांचा आग्रह का?

समजा M = 1200, 1500, 1800 आणि 2100 घेतले. चौघांचा सामाईक भाजक 300. मग दर 44,100/300, म्हणजे 147 हर्ट्‌झला चारही कोम्बचे दाते एकावर एक येतात. रिव्हर्बमध्ये 147 हर्ट्‌झचा सूर आणि त्याची पटीतली मंडळी कायमची गुणगुणत राहतात. वेळेतही तेच: ठोके वारंवार एकाच क्षणी पडतात आणि घनता वाया जाते.

संख्या मूळच असायला हव्यात असं नाही, सामाईक भाजक नसला की झालं. जेझर यांच्या फ्रीव्हर्ब या मोफत रिव्हर्ब कोडमध्ये आठ कोम्ब आहेत: 1116, 1188, 1277, 1356, 1422, 1491, 1557 आणि 1617. यात सम संख्याही आहेत आणि तरी तो वर्षानुवर्षं वापरला गेला.

एक पोल मात्र टाळता येत नाही. g धन असताना शून्य वारंवारतेवरचा पोल सगळ्या कोम्बमध्ये असतोच. वरच्या चार कोम्बची तिथली वाढ सरासरी 6.4 पट, म्हणजे 16 डेसिबल आहे. ध्वनिमुद्रणात थोडा जरी स्थिर सरक असेल, म्हणजे सगळी लाट शून्य रेषेपासून ढळलेली असेल, तर तो इथे फुगतो. म्हणून रिव्हर्बच्या आधी 20 ते 40 हर्ट्‌झचा हाय-पास लावावा.

ऑलपास कशाला? चार कोम्ब पुरे नाहीत का?

मोजून बघा. आपले चार कोम्ब सेकंदाला सुमारे 34, 27, 24 आणि 23 ठोके देतात, एकूण 108. श्रोडर यांच्या अंदाजाने कानाला सलग वाटण्यासाठी सेकंदाला हजारभर ठोके लागतात. 108 ठोक्यांवर टाळी वाजवली तर शेपटीत दाणे मोजता येतील असं वाटतं. कोम्ब वाढवून हजार गाठायचे तर पस्तीस-चाळीस लागतील. त्याऐवजी 5 आणि 1.7 मिलिसेकंदांचे दोन ऑलपास, g = 0.7 ने, मागे जोडले की प्रत्येक ठोक्यामागे दाट ठोक्यांचा पुंजका येतो.

ऑलपासचे पोलही असेच सारख्या अंतरावर असतात, पण प्रत्येक पोलसमोर एकक वर्तुळाबाहेर, व्यस्त त्रिज्येवर एक झीरो असतो. दोघे मिळून वारंवारतेची उंची सपाट ठेवतात. ही सपाटी लांबलेल्या सुरासाठी खरी आहे. टाळीसारख्या क्षणिक आवाजात ऑलपासही वाजतो, म्हणून त्याचा डिले फार लांब ठेवू नये.

खरी खोली इतकी चकचकीत वाजत नाही. काय करायचं?

हवा आणि भिंती वरच्या वारंवारता लवकर शोषतात, आपला कोम्ब मात्र सगळ्यांना सारखंच वागवतो. उपाय म्हणजे फीडबॅकच्या वाटेत एक साधा लो-पास घालणं. जेम्स मूरर यांनी 1979 च्या आपल्या लेखात हा मार्ग मांडला आणि फ्रीव्हर्बमधले कोम्बही असेच आहेत.

असं केलं की पोल एका वर्तुळावर राहत नाहीत. 0° जवळचे जागेवर राहतात आणि 180° कडे जाताना ते आत आत ओढले जातात. लो-पास स्वतःही थोडा उशीर करतो, तोही वारंवारतेनुसार बदलता, त्यामुळे पोलमधलं अंतर किंचित बिघडतं. कानासाठी हे चांगलंच आहे. लक्ष एका गोष्टीवर ठेवावं: लो-पासची शून्य वारंवारतेवरची वाढ 1 असावी. ती 1.2 झाली आणि g 0.85 असला तर फेरीची वाढ 1.02 होते आणि आवाज थांबण्याऐवजी फुगत जातो.

आवाज थांबल्यावरही बारीक भुणभुण राहते. कुठून येते?

पूर्णांकांत हिशोब करणाऱ्या उपकरणात असाल तर राउंडिंग तपासा. बफरमध्ये 3 आहे आणि g = 0.84. गुणाकार 2.52, जवळच्या पूर्णांकाला नेलं की पुन्हा 3. ती संख्या कायम फिरत राहते. अडकण्याची मर्यादा 0.5/(1 − g) इतकी असते, म्हणजे g जितका मोठा तितकी भुणभुण मोठी. गुणाकारानंतर शून्याच्या दिशेने छाटलं तर ती थांबते.

फ्लोटिंग पॉइंटमध्ये उलटा त्रास होतो. शेपटी इतकी बारीक होते की संख्या सामान्य कक्षेच्या खाली जातात आणि काही प्रोसेसरवर त्यांचा हिशोब फार हळू चालतो. खूण अशी: गाणं चालू असताना प्रोसेसरवरचा भार ठीक असतो आणि शांततेत अचानक वाढतो. प्रोसेसरला अशा संख्या शून्य धरायला सांगणारी सोय चालू करावी.

माझा रिव्हर्ब बरोबर आहे हे तपासायचं कसं?

एक सँपल 1 आणि बाकी सगळे शून्य, अशी टिचकी आत सोडा. आधी प्रत्येक कोम्ब एकटा तपासा: ठोके M च्या पटीतच पडतात का आणि प्रत्येक ठोका आधीच्याच्या बरोबर g पट आहे का. मग पूर्ण रिव्हर्बचा प्रतिसाद घेऊन त्याचे वर्ग शेवटाकडून सुरुवातीकडे बेरीज करत या आणि ती बेरीज डेसिबलमध्ये काढा. ही उलट्या बेरजेची पद्धतही श्रोडर यांचीच, 1965 ची. लो-पास नसताना g नीट काढले असतील तर जवळजवळ सरळ उतरती रेघ मिळते आणि तिच्या उतारावरून T60 वाचता येतो. रेघ मध्येच वाकून पुढे कमी उताराने जात असेल तर एखादा कोम्ब इतरांपेक्षा जास्त वेळ वाजतो आहे. लो-पास घातल्यावर थोडा वाक येणारच, कारण वरच्या वारंवारता आधी विरतात. तेव्हा वारंवारतेचे पट्टे वेगळे काढून प्रत्येकाची रेघ स्वतंत्रपणे बघावी.